समीक्षकाचा शेरा : ठाम, तरी सौजन्याचा

सनीव्हेलच्या सेफिड कंपनीच्या जीनएक्सपर्ट या क्षयरोग-चाचणीच्या 2010 मधील अभ्यासात मुंबईचेही रुग्ण होते. बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसलेल्यांपैकी 98.2 टक्के रुग्ण एकाच चाचणीत ओळखले गेले. जंतू न दिसलेल्या, पण कल्चरमध्ये वाढलेल्यांपैकी 72.5 टक्केच. अशा चाचणीवरील हस्तलिखितात दोन्ही गटांचा मिळून एकच आकडा दिला, तर ही उणीव झाकली जाते. तेव्हा समीक्षकाचा शेरा असा असू शकतो : ‘नमुने काळजीपूर्वक गोळा केलेले दिसतात. मात्र दोन्ही गटांचे निकाल वेगळे द्यावेत. कल्चर वाचणाऱ्याला चाचणीचा निकाल ठाऊक होता का, हेही कृपया नोंदवावे. त्याशिवाय निष्कर्ष स्वीकारता येत नाही.’ शेरा पद्धतीवर असतो, लेखकांच्या हेतूवर नाही. शंका कशाने फिटेल, हेही त्यातच सांगितलेले असते.