घराचा ताबा न मिळाल्यास: महारेराकडील तक्रार आणि पैशांची परतफेड

कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर असलेले टिटवाळा महागणपतीच्या दर्शनासाठी सर्वांच्या परिचयाचे आहे. मुंबई-ठाण्यात ज्यांना जागा परवडत नाही, असे अनेक जण आता तेथे घर घेऊ लागले आहेत. पैसे भरले, मुदत उलटली, तरी इमारत अपुरीच; अशा वेळी ग्राहकाने काय करावे, याचा आज विचार करावयाचा आहे.

याविषयीचा कायदा २०१६ साली संमत झाला, आणि महाराष्ट्रातील नियामक प्राधिकरण, म्हणजे महारेरा, मे २०१७ पासून काम पाहू लागले. या कायद्याचे अठरावे कलम ग्राहकाने नीट ध्यानात ठेवावे. करारात लिहिलेल्या तारखेस ताबा मिळाला नाही, तर ग्राहकापुढे दोन मार्ग असतात. व्यवहारातून बाहेर पडून सर्व रक्कम सव्याज परत मागावी. किंवा घर हवेच असेल, तर ताबा मिळेपर्यंत दरमहाचे व्याज मागावे. बाहेर पडण्याचा हा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. यास्तव तक्रार लिहिण्यापूर्वीच कोणता मार्ग हवा, ते ठरवावे.

तक्रार महारेराच्या maharera.maharashtra.gov.in या संकेतस्थळावरून करावी लागते. प्राधिकरणाकडील तक्रारीचे शुल्क पाच हजार रुपये आहे. तक्रारीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. ठाणे जिल्ह्यातील जुन्या प्रकल्पांचे क्रमांक P51700 या अक्षरांकांनी सुरू होतात. सोबत नोंदणीकृत करार, प्रत्येक हप्त्याची पावती किंवा बँकेचा उतारा, आणि बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार जोडावा. नुकसानभरपाई हवी असल्यास ती मागणी वेगळी असते. तिचा निवाडा निर्णय-अधिकारी करतो. परतफेड व व्याज मात्र प्राधिकरणच देते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, टिटवाळ्यातील एका सदनिकेपोटी जानेवारी २०२१ मध्ये आठ लाख व जानेवारी २०२२ मध्ये बारा लाख रुपये भरले. ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती; ती टळली. व्याजाची गणना ताब्याच्या तारखेपासून नव्हे, तर प्रत्येक रक्कम बिल्डरच्या हाती पडली त्या दिवसापासून होते. नियमांप्रमाणे दर म्हणजे स्टेट बँकेचा कर्जाचा सर्वोच्च सीमांत दर अधिक दोन टक्के. तो अकरा टक्के धरला, तर जानेवारी २०२६ पर्यंत पहिल्या रकमेवर पाच वर्षांचे ४ लक्ष ४० हजार व दुसरीवर चार वर्षांचे ५ लक्ष २८ हजार रुपये सरळ व्याज होते. मुद्दल धरून येणे २९ लक्ष ६८ हजार रुपये. असा तक्ता तक्रारीस जोडला, म्हणजे हुकुमात रक्कम संदिग्ध राहत नाही.

कायद्याने निकालास साठ दिवसांची मुदत सांगितली आहे. तीत निकाल न झाल्यास प्राधिकरणाने कारणे नोंदवावयाची असतात. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ अधिक काळ लागतो. निकालानंतर साठ दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तथापि बिल्डरला अपील चालवावयाचे असेल, तर ग्राहकास देय असलेली सर्व रक्कम व्याजासह आधी भरावी लागते. ही तरतूद ग्राहकाच्या फार उपयोगाची आहे.

परंतु हुकूम म्हणजे पैसा नव्हे, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते. मुदतीत रक्कम न मिळाल्यास हुकुमाचे पालन झाले नाही असा अर्ज महारेराकडे करावा. मग वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्याकडे जाते, कारण ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाची असते. टिटवाळा कल्याण तालुक्यात असल्याने बिल्डरची मिळकत तेथेच असेल, तर जप्तीचे व लिलावाचे काम बहुधा कल्याणच्या तहसीलदाराकडे येते. जप्त काय करावयाचे, हेच ठाऊक नसेल, तर कागद तेथेच पडून राहतो. म्हणून बिल्डरच्या न विकलेल्या सदनिका, सातबारावरील जमिनी आणि प्रकल्पाचे बँक खाते यांची यादी ग्राहकाने स्वतः सादर करावी. कंपनी दिवाळखोरीत गेल्यास वसुली थांबते. तेव्हा नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत आपला दावा नोंदवावा लागतो.

शेवटी एक सावधगिरी. डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळविली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम दिला. नोंदणी क्रमांक असला म्हणजे परवानगी खरी, असे होत नाही. टिटवाळाही कल्याण-डोंबिवली महापालिकेच्याच हद्दीत येते. तेव्हा पहिला हप्ता देण्यापूर्वी बांधकाम-परवानगीची खातरजमा पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन करावी. कारण ज्याच्याजवळ जप्त करण्याजोगे काहीच नाही, त्याच्यावरील हुकूम कागदावरच राहतो.