युनिकॉर्न, व्हॅल्युएशन आणि हल्दीरामचे 10 अब्ज डॉलर: हा आकडा येतो कुठून?

ज्यांना कानात हेडफोन घालायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना केलेली थोडी बडबड काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात आपल्या नागपूरपासूनच करू. मार्च 2025 मध्ये बातमी आली की सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने हल्दीराममध्ये हिस्सा घेतला. बातम्यांमध्ये आकडा होता साधारण 10 टक्के हिस्सा आणि 10 अब्ज डॉलरचं व्हॅल्युएशन. म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास 86 हजार कोटी रुपये. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालं, "बाप्पा, हल्दीरामला 86 हजार कोटी मिळाले!"

नाही मिळाले. 10 टक्क्यांची किंमत झाली साधारण 1 अब्ज डॉलर. व्यवहार झाला तेवढ्याचाच. उरलेले 90 टक्के या व्यवहारात कुणी विकले नाहीत, कुणी विकत घेतले नाहीत. 10 टक्क्यांना 1 अब्ज, तर 100 टक्क्यांना 10 अब्ज, असा तो गुणाकार आहे. व्हॅल्युएशन म्हणजे हेच: एका तुकड्याला मिळालेला भाव अख्ख्या कंपनीला लावणे. आपल्या ले-आउटमधला एक प्लॉट ज्या भावाने गेला, त्याच भावाने आपण उरलेले सगळे प्लॉट मोजतो ना, तसंच.

मग हल्दीराम युनिकॉर्न का नाही?

युनिकॉर्न म्हणजे गोष्टीतला एकशिंगी घोडा. हा शब्द धंद्यात आणला आयलीन ली या अमेरिकन गुंतवणूकदार बाईंनी, नोव्हेंबर 2013 मध्ये लिहिलेल्या एका लेखात. 1 अब्ज डॉलरच्या वर गेलेल्या नव्या सॉफ्टवेअर कंपन्या त्यांनी मोजल्या, तर अमेरिकेत फक्त 39 निघाल्या. इतक्या दुर्मीळ, म्हणून युनिकॉर्न. पुढे अर्थ रुळला तो असा: शेअर बाजारात न आलेली, 1 अब्ज डॉलर किंवा जास्त व्हॅल्युएशनची स्टार्टअप. हल्दीराम आकड्याने केव्हाच पुढे आहे, पण ती जुनी, घरची कंपनी आहे. स्टार्टअप नाही, म्हणून तिला कुणी युनिकॉर्न म्हणत नाही.

एक गंमत बघा. सीमारेषा डॉलरमध्ये आहे. 2013 च्या शेवटी 1 अब्ज डॉलर म्हणजे सुमारे 6,200 कोटी रुपये होते, आज 8,500 कोटींच्या वर. आणि या व्याख्येत नफ्याचा शब्दही नाही. तोट्यातली कंपनीसुद्धा युनिकॉर्न असू शकते.

आता एक हिशोब करून बघू

समजा, परसोडीच्या आयटी पार्कजवळ दोन मैत्रिणींनी मेसच्या डब्यांचं अ‍ॅप काढलं. कंपनीचे 90,000 शेअर आहेत, सगळे त्यांच्याकडे. एक गुंतवणूकदार म्हणतो, 1 कोटी देतो, मला नवीन 10,000 शेअर द्या. एका शेअरचा भाव झाला 1,000 रुपये. आता एकूण शेअर 1 लाख. गुणिले 1,000, म्हणजे 10 कोटी. याला पोस्ट-मनी व्हॅल्युएशन म्हणतात. त्यातून आलेला 1 कोटी वजा केला की 9 कोटी, ते प्री-मनी.

दुसऱ्या दिवशी बातमी: "नागपूरच्या मुलींची कंपनी 10 कोटींची!" पण बँकेत नवीन आला फक्त 1 कोटी.

हा 1,000 रुपयांचा भाव कुणी ठरवला? दोघा पक्षांनी, बोलणी करून. तशाच प्रकारची दुसरी कंपनी वर्षाच्या विक्रीच्या किती पट भावाने गेली, ते बघतात. पुढच्या काही वर्षांच्या कमाईचा अंदाज मांडतात. कायद्यासाठी व्हॅल्युएशन रिपोर्टही बनतो, पण त्यातले अंदाज बहुतेक कंपनीनेच दिलेले असतात. बाजारात पैसा भरपूर असला आणि दोन-तीन गुंतवणूकदार मागे लागले, की भाव चढतो.

सगळे शेअर सारखे नसतात

हे फार कमी लोक सांगतात. गुंतवणूकदार सहसा साधे शेअर घेत नाही, प्रेफरन्स शेअर घेतो. त्यात अट असते की कंपनी विकली गेली तर आधी माझे पैसे परत.

आपलं डब्यांचं अ‍ॅप पुढे 3 कोटींना विकलं गेलं असं धरा. 10 टक्क्यांच्या हिशोबाने गुंतवणूकदाराला 30 लाख मिळायला हवेत. पण अट आहे, म्हणून तो आधी आपला 1 कोटी उचलतो. मैत्रिणींना उरतात 2 कोटी. कागदावर त्यांचे 9 कोटी होते! आणि कंपनी 1 कोटीलाच गेली, तर त्यांच्या हाती शून्य. व्हॅल्युएशनचा गुणाकार मात्र दोन्ही प्रकारच्या शेअरना एकच भाव लावतो, म्हणून तो आकडा फुगलेला दिसतो.

भाव उतरतो तेव्हा

मुंबईची फार्मइझी आठवते? घरपोच औषधांची. 2021 मध्ये ती युनिकॉर्न झाली, त्याच वर्षी व्हॅल्युएशन साधारण 5.6 अब्ज डॉलरपर्यंत गेलं, आयपीओची कागदपत्रंही दिली. मग बाजार बदलला. 2022 मध्ये तिने आयपीओ मागे घेतला. डोक्यावर कर्ज होतं. 2023 मध्ये पैसे उभे करायला राइट्स इश्यू काढला, म्हणजे जुन्या भागधारकांनाच नवीन शेअर देऊ केले. भाव होता 5 रुपये. आधीचा भाव होता सुमारे 50 रुपये. 90 टक्के घट, आणि अ‍ॅप तुमच्या फोनवर चालूच!

लक्षात घ्या, दोन राउंडच्या मध्ये शेअरला रोजचा भाव नसतो. शेवटचा आकडाच बातम्यांत फिरत राहतो, जरी तो दोन वर्षं शिळा असला तरी.

हे तुमच्या कामाचं का आहे?

कारण उद्या पुण्या-बंगळुरूची ऑफर येईल: पगार थोडा कमी, पण "8 लाखांचे ईसॉप". ते 8 लाख याच गुणाकारातून आलेले असतात. सही करण्याआधी चार गोष्टी विचारा:

1. हा भाव कोणत्या राउंडचा, आणि तो राउंड कधी झाला?
2. मला शेअर घ्यायला किती रुपये भरावे लागतील? भाव 100 आणि भरायचे 80, तर फायदा 20 चाच.
3. माझ्याआधी कुणाला किती पैसे परत जाणार आहेत?
4. नोकरी सोडली तर शेअर घ्यायला किती दिवस मिळतात?

शेअर घेताना, ते विकले नसले तरी, फरकावर कर लागू शकतो. तेही विचारून घ्या.

आणि आकडा तपासायचा असेल तर? "सूत्रांनुसार" लिहिलेली बातमी म्हणजे कुणीतरी सांगितलेलं. पण कंपनीने नवीन शेअर दिले की कंपनी मंत्रालयाकडे PAS-3 हा फॉर्म भरावा लागतो. किती शेअर, कोणत्या प्रकारचे, काय भावाने, सगळं त्यात असतं. mca.gov.in वर थोडी फी भरून कुणालाही तो बघता येतो. आर्थिक बातम्यावाले बरेच आकडे तिथूनच काढतात.

पुढच्या वेळी "अमुक कंपनी युनिकॉर्न झाली" वाचलं की आधी हे शोधा भाऊ: किती टक्के विकले, किती पैशाला, आणि कधी. गुणाकार तुम्हाला येतोच.