वरून वितळलेला की आतपर्यंत?

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात आकाशात मोठे धमाके झाले आणि दगड पडले. भूवैज्ञानिकांनी ते तपासून सामान्य दगडी अशनींच्या एका गटात बसवले. तेव्हापासून विदर्भातच नव्हे, तर राज्यभर कुठेही काळा, जड दगड सापडला की त्याचा फोटो जाणकारांकडे पाठवला जातो. यातले बहुतेक दगड अशनी नसतात. पण फोटो नीट काढलेला असेल आणि सोबत वजन दिलेलं असेल, तर ‘हा नाही’ एवढं बरंचसं खात्रीने सांगता येतं.

त्यासाठी एकच गोष्ट समजून घ्यायला हवी. अशनी वातावरणात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला अकरा किलोमीटरहून जास्त असतो. समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, दगडाचा पृष्ठभाग वितळतो आणि वितळलेला थर लगोलग हवेबरोबर उडून जातो. हा सगळा प्रकार काही सेकंदांचा. दगड उष्णता सावकाश आत नेतो, त्यामुळे आतला भाग थंडच राहतो. पुढे वेग पडला की वितळणं थांबतं, आणि उरलेला शेवटचा पातळ थर गोठून साल बनतो. भट्टीतली धातूची मळी, म्हणजे स्लॅग, मात्र आरपार वितळलेली असते. आपल्या पायाखालचा बेसाल्ट हाही एके काळचा लाव्हाच. फोटोत शोधायचा तो हा फरक: दगड नुसता वरून वितळला होता, की आतपर्यंत?

सर्वांत आधी भोकं पाहावीत, कारण फसगत सर्वांत जास्त तिथेच होते. ‘दगडावर खड्डे आहेत, म्हणजे तो आकाशातून आला’ असं पुष्कळांना वाटतं. अशनीवर खळगे असतात हे खरं, पण ते ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे असतात: उथळ, पसरट, कडा मऊ, आणि एक खळगा सहज दुसऱ्यात मिसळलेला. हवेने पृष्ठभाग कमीजास्त झिजवल्याने ते होतात. सगळ्या अशनींवर ते असतातच असं नाही. लोखंडी अशनींवर ठळक दिसतात, दगडी अशनींवर बऱ्याचदा फिकट असतात किंवा नसतातच. स्लॅग आणि बेसाल्टमधली भोकं वायूच्या बुडबुड्यांची. ती गोल किंवा लांबट, धारदार काठाची आणि खोल असतात, आणि दगड फुटलेला असेल तिथे आतही तशीच दिसतात. म्हणून फोटो पाठवणाऱ्याकडे मी पहिल्यांदा फुटलेल्या बाजूचा फोटो मागतो. आत बुडबुडे दिसले, तर दगड आतपर्यंत वितळला होता, आणि अशनीची शक्यता जवळजवळ संपली. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये अशी पोकळी कधी कधी पांढऱ्या झिओलाइटने भरलेली असते. तसे पांढरे ठिपके दिसले, तर दगड इथलाच.

फोटोत खळगा आणि उंचवटा यांची अदलाबदल होऊ शकते. आपले डोळे प्रकाश वरून येतो असं धरून चालतात. त्यामुळे खालच्या बाजूने उजेड पडला की खड्डा फुगवट्यासारखा वाटतो. दगड सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात ठेवावा, उजेड फोटोच्या वरच्या कडेकडून येईल असा धरावा, आणि शेजारी नाणं ठेवून सगळ्या बाजूंचे फोटो काढावेत. फ्लॅश वापरू नये आणि दगड ओला करू नये. ओला दगड चकाकतो, आणि चकाकी हीच तर पुढच्या खुणेतली मेख आहे.

ती खूण सालीची. नुकत्याच पडलेल्या सामान्य दगडी अशनीची साल काळी आणि बहुधा निस्तेज असते, तिच्यात कधी बारीक भेगा असतात. तिची जाडी साधारणपणे एक मिलिमीटरपेक्षा कमी. त्यामुळे कोपरा फुटलेला असेल तर बाहेर काळी रेघ आणि आत एकदम फिकट राखाडी दगड अशी स्पष्ट सीमा दिसते. आतल्या राखाडीत धातूचे चमकते कण असतात. काही अशनींत बारीक गोल दाणे असतात, पण काटोलचे दगड ज्या प्रकारातले, त्यात हे दाणे अंधुक झालेले असतात, तेव्हा ते दिसले नाहीत म्हणून निकाल देऊ नये. स्लॅगचा बाहेरचा आणि आतला रंग बहुधा सारखाच असतो, काचेसारखी झळाळी असते, कधी हिरवी-निळी छटा, कधी ओघळ गोठल्याच्या वळ्या. बेसाल्टवरही हवापाण्याने एक थर चढतो, पण तो तपकिरी असतो आणि आत हळूहळू विरत जातो, काळ्या रेघेसारखा तुटत नाही. अनेक पावसाळे काढलेल्या अशनीची सालही तपकिरी होते, म्हणून जुन्या दगडाच्या बाबतीत फोटोवरचा भरवसा कमी ठेवावा.

आता वजन. नुसतं ‘हातात जड लागतो’ म्हणणं पुरेसं नाही, दगड आकाराच्या मानाने किती जड आहे हे कळलं पाहिजे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी दगडाचं वजन घ्यावं. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करावा आणि दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवावा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नये. आता जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. पहिल्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते. सामान्य दगडी अशनीची घनता साधारण ३.२ ते ३.७, बेसाल्टची २.८ ते ३, आणि लोखंडी अशनीची आठच्या जवळपास असते.

समजा, शेताच्या बांधावर सापडलेला एक काळा दगड ६१२ ग्रॅमचा भरला आणि पाण्यात १९८ चा आकडा दाखवला. भागाकार ३.०९. साध्या बेसाल्टपेक्षा थोडा जड, अशनीपेक्षा थोडा हलका. एवढ्यावर काहीच ठरत नाही, कारण भोकांत हवा अडकली असेल तर घनता खोटी कमी दिसते. लोहचुंबक लावल्यावर तो काही ठिकाणीच चिकटतो, इतर ठिकाणी नाही. फुटलेल्या कोपऱ्यात धारदार काठाची गोल भोकं आहेत, आत-बाहेर रंग एकच, आणि काचेची झळाळी. तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात: ही धातूची मळी आहे, आणि चुंबकाला ओढणारे तिच्यात अडकलेले लोखंडाचे थेंब. असे तुकडे जुन्या भट्ट्यांजवळ तर मिळतातच, पण भराव टाकलेल्या रस्त्यांवरून आणि वाहतुकीतून भलतीकडेही पोचतात. शेतात दुसरं काही नव्हतं, या युक्तिवादाला म्हणून अर्थ उरत नाही. वीटभट्टीतल्या जास्त भाजलेल्या खंगराचंही असंच आहे.

घनता पाचच्या आसपास आली तर आनंदाने हुरळून जाऊ नये. गोवा-सिंधुदुर्गाकडच्या लोहखनिजात हेमॅटाइट असतं, त्याची घनता तिथपर्यंत जाते, आणि मॅग्नेटाइट असेल तर चुंबकही जोरात चिकटतो. न झिलई केलेल्या फरशीच्या उलट्या बाजूवर दगड घासून पाहावा. हेमॅटाइट लालसर तपकिरी रेघ ओढतं, मॅग्नेटाइट काळी. ताज्या अशनीने सहसा रेघ उमटत नाही.

उलट दिशेच्या चुकाही होतात. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातेत दियोदर भागात पडलेला अशनी अतिशय फिकट रंगाच्या दुर्मीळ प्रकारातला होता. अशा दगडांत धातू अगदी थोडा, म्हणून चुंबकाची कसोटी तिथे फसते. राजस्थानात मुकुंदपुरा इथे २०१७ मध्ये पडलेला कार्बनी अशनी तर ठिसूळ आणि वजनाला हलका. हे दोन्ही सापडले कारण लोकांनी ते पडताना अनुभवले होते. पडताना पाहिलेल्या दगडाला म्हणून कुठल्याही खुणेवरून नाकारू नये. तो हाताने फार चोळू नये, धुऊ नये, कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवावा, पडल्याची जागा आणि वेळ लिहून ठेवावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावं.

फोटोवरून ‘हो’ मात्र म्हणता येत नाही. काळी साल, फिकट आतला भाग, धातूचे कण, योग्य घनता आणि बुडबुड्यांचा अभाव हे सगळं जुळलं तरी दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि धातूतलं निकेल मोजावं लागतं. अशनीतल्या लोखंडात बहुधा किमान पाचेक टक्के निकेल असतं, भट्टीच्या मळीतल्या लोखंडात ते जवळजवळ नसतं. प्रयोगशाळेला त्यासाठी दगडाचा छोटा तुकडा पुरतो.