दिवाळीची गर्दी आणि शिवणाची वही

घरी ब्लाउज शिवून देणाऱ्या मैत्रिणींनो, दिवाळी तोंडावर आली की कापडांचा ढीग साचतो आणि ‘वसुबारसेपर्यंत देते हं’ असं आपण प्रत्येकीला सांगून बसतो. तारीख द्यायची ती आठवणीवर नको, वहीवर द्यावी.

वहीत प्रत्येक ऑर्डरला एक पान ठेवा. वर नंबर घाला, कापडाचा लहानसा तुकडा टाचा, खाली मापं लिहा आणि शेवटी तीन तारखा: बेतण्याची, ट्रायलची आणि देण्याची. तोच नंबर कापडाच्या पिशवीवरही हवा.

आता भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. समजा, दिवसाला तुमचे चार साधे ब्लाउज होतात. म्हणजे दिवसाची चार घरं झाली. अस्तराचा ब्लाउज दोन घरं खातो. चारातलं एक घर रोज दुरुस्तीसाठी रिकामं सोडा, राहिली तीन. वसुबारसेच्या आधीचे चार दिवस नवी शिलाई मुळीच धरू नका. त्याआधीचे वीस दिवस धरले तर साठ घरं मिळतात, म्हणजे चाळीस साधे आणि दहा अस्तराचे. घरं भरली की वही बंद! मग शेजारच्या वहिनी आल्या तरी दिवाळीनंतरचीच तारीख सांगायची.

एक उदाहरण घेऊ. सतरा नंबरचा रेशमी ब्लाउज, अस्तराचा. सुती अस्तर आदल्या रात्री भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड चुण्या धरतं. म्हणून बेतण्याची तारीख एक दिवस पुढे. बाजूच्या शिवणीत दीड इंच माया ठेवा. ट्रायलला बाजू आणि बाह्या धावदोऱ्यानं जोडलेल्या असाव्यात. हुक आणि तुरपाई नंतर. ट्रायल वसुबारसेच्या बारा दिवस आधी, देणं नऊ दिवस आधी. मधले तीन दिवस दुरुस्तीचे.

ट्रायलला छाती घट्ट निघाली. दोन्ही बाजूंना, पुढच्या-मागच्या दोन्ही भागांत पाव-पाव इंच सोडलं की एकूण एक इंच मिळतो. धावदोरा उसवायला पाच मिनिटं लागतात. हाच ब्लाउज पुरा झाल्यावर उसवायचा तर अर्धा दिवस जातो आणि रेशमावर सुईची भोकं दिसतात. मात्र घरी जी आतली बॉडी घालणार तीच घालून ट्रायलला यायला सांगा, नाहीतर माप पुन्हा फसतं.

ट्रायलला कुणी आलीच नाही तर? तिची देण्याची तारीख तितकेच दिवस पुढे जाईल, हे ऑर्डर घेतानाच सांगा आणि पानावर लिहून ठेवा. शेवटच्या चार दिवसांत जागा असेल तरच तिला घ्या.

दर दोन दिवसांनी झालेल्या घरांवर फुली मारा. दुरुस्तीचं घर सलग तीन दिवस अपुरं पडलं, तर नवीन कापड घेणं तिथेच थांबवा. आणि चार-पाच जणींचा खांदा सारखाच उतरत असेल, तर दोष शिलाईत नाही, टेप धरण्यात आहे. पुढचं कापड बेतण्याआधी खांद्याचं माप पुन्हा घ्या.