ट्रॅक्टर कोणत्या बाजूला उभा करायचा?

बोअरमधली मोटर काढताना तोंडावर तीन पाइपांची तिपाई उभी करतात. समजा, पाइपांसह मोटर भरली 600 किलो, तिपाईचा माथा 4 मीटर उंच आणि प्रत्येक पाय बोअरपासून 3 मीटरवर, तिन्हीकडे सारख्या अंतराने. म्हणजे पाइपाची लांबी झाली 5 मीटर.

पाइप दोन्ही टोकांना नुसता टेकलेला किंवा बोल्टने अडकवलेला असल्यामुळे बळ त्याच्या लांबीतूनच जातं. माथ्यावर तीन अनोळखी बळं, आणि तिथं तोल राहायचा तर पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांची बेरीज शून्य हवी. तीन अज्ञातं, तीन समीकरणं. चौथा पाय लावला की हे गणित एवढ्यावर सुटत नाही.

वजन चेन कप्पीला सरळ लटकत असेल तर प्रत्येक पायाखाली जमिनीला 200 किलो पेलावे लागतात. पाइप तिरका, म्हणून त्यातला दाब 200 गुणिले 5 भागिले 4, म्हणजे 250 किलो. शिवाय प्रत्येक पाय 150 किलोच्या जोराने बाहेर सरकू पाहतो. ओल्या मुरमावर तो घसरतोच. म्हणून तिन्ही पायांना साखळीचा वेढा घालतात. त्या साखळीत साधारण 87 किलोचा ताण येतो.

खरी गंमत चेन कप्पीऐवजी साधी कप्पी लावून दोर ट्रॅक्टरला बांधला की सुरू होते. दोराच्या दोन्ही बाजूंना 600 किलोचाच ताण (कप्पीचं घर्षण सोडून देऊ). दोर 45 अंशांत तिरका गेला तर माथ्यावर खाली 1,024 किलो येतात आणि आडवी ओढ 424 किलोची. उचलायचे 600 आणि तिपाईवर हजाराच्या वर, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

आता ट्रॅक्टर दोन पायांच्या मधोमध उभा असेल तर त्या दोन पायांना जोडणाऱ्या रेषेभोवती घूर्ण मांडा. ही रेषा बोअरपासून दीड मीटरवर आहे. उलटवणारं घूर्ण 424 गुणिले 4, म्हणजे 1,696. सावरणारं 1,024 गुणिले 1.5, म्हणजे 1,536. मागच्या पायाला जमिनीने सुमारे 36 किलोंनी खाली ओढून धरायला हवं, आणि नुसता टेकलेला पाय जमीन धरून ठेवत नाही. तो उचलतो, तिपाई ट्रॅक्टरकडे कोसळते. ओढताना मागच्या पायाची माती मोकळी व्हायला लागली, की तिथंच थांबावं.

एक पाय नेमका ट्रॅक्टरच्या दिशेला ठेवला तर तिपाई उभी राहते, पण त्या एका पाइपात 900 किलोंच्या आसपास दाब येतो; मागच्या दोघांत जेमतेम 190. पाच मीटरचा पातळ पाइप अशा वेळी चेपत नाही, मधोमध कमानीसारखा वाकतो. त्यामुळे जाड पाइप त्याच बाजूला लावावा. जमल्यास दोर आधी त्या पायाच्या बुडाशी बांधलेल्या दुसऱ्या कप्पीतून काढून मगच ट्रॅक्टरकडे न्यावा. मग माथ्यावरचा दोर त्या पाइपालगतच उतरतो. त्या पाइपातला दाब यानेही फारसा कमी होत नाही, मात्र ट्रॅक्टरची आडवी ओढ माथ्याऐवजी जमिनीलगत येते आणि उलटण्याची भीती जाते. तेवढा तो पाय पहारीने पक्का रोवायला हवा.