चाळीस नोंदी आणि एक गुणवत्ता यादी

अल्गोरिदमच्या असाइनमेंटमध्ये दरवर्षी एक वाक्य शंभरातल्या नव्वद वह्यांत सापडतं: ‘मर्ज सॉर्टचा वेळ O(n log n) आणि इन्सर्शन सॉर्टचा O(n²), म्हणून मर्ज सॉर्ट निवडला.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण ज्या यादीसाठी निवड करायची, ती यादी या वाक्यात कुठे दिसतच नाही.

मी देतो तो प्रश्न असा. १०,००० विद्यार्थ्यांची गुणवत्ता यादी टक्केवारीप्रमाणे उतरत्या क्रमाने लागलेली आहे. पुनर्मूल्यांकनात ४० जणांचे गुण बदलले. यादी पुन्हा क्रमाने लावा आणि पद्धत का निवडली ते लिहा.

इन्सर्शन सॉर्ट म्हणजे पत्ते हातात लावण्याची रीत. नवा पत्ता उचलायचा, डावीकडच्या पत्त्यांशी ताडून पाहत त्याच्या जागी खोचायचा. यादी पार विस्कटलेली असेल, तर प्रत्येक नोंद सरासरी आधीच्या निम्म्या नोंदी ओलांडून जाते. १०,००० नोंदींना हे सरकवणं अडीच कोटींच्या घरात जातं. O(n²) म्हणतात ते हेच. पण यादी आधीच लागलेली असेल, तर प्रत्येक नोंद डाव्या शेजाऱ्याकडे एकदा बघते आणि तिथेच थांबते. काम संपलं दहा हजार तुलनांत. म्हणजे या पद्धतीचा खर्च नोंदी किती यावर जितका, तितकाच त्या आपल्या जागेपासून किती लांब आहेत यावर ठरतो.

मर्ज सॉर्टला त्याची पर्वा नसते. १०,००० चे दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन, असं एकेका नोंदीपर्यंत यायला १३-१४ पायऱ्या लागतात. परत जोडत येताना प्रत्येक पायरीवर जवळपास सगळ्या नोंदी उचलून ठेवाव्या लागतात. यादी कशीही असो, साधी मर्ज सॉर्ट सुमारे १ लाख ३५ हजार वेळा नोंदी हलवते. शिवाय तितकीच लांब एक जादा यादी मेमरीत लागते.

आता चाळीस जणांकडे या. त्यांच्या नोंदी जागच्या जागीच ठेवून फक्त गुण बदलले आणि प्रत्येकाची जागा सरासरी शंभराने सरकली असं धरू. सरकवणं ४० गुणिले १००, म्हणजे ४,०००. त्यात दहा हजार तुलना मिळवा: १४,०००. इन्सर्शन सॉर्ट सहज जिंकते.

पण कार्यालयाने त्या चाळीस नोंदी जुन्या जागेवरून काढून यादीच्या शेवटी चिकटवल्या असतील तर? त्या विद्यार्थ्यांचे गुण यादीभर विखुरलेले असतील, तर प्रत्येकाला सरासरी ५,००० नोंदी ओलांडून वर जावं लागेल. हे झालं दोन लाख. आता मर्ज सॉर्ट पुढे. बदललेली माणसं चाळीसच, गुण तेच, फक्त फाइल लिहिण्याची पद्धत वेगळी, आणि उत्तर उलटलं! शेवटी चिकटवलेल्या नोंदी पंचविसाच्या आत असत्या, तर पारडं पुन्हा इन्सर्शनकडे झुकलं असतं. (सरकवण्याची एक पायरी आणि मर्जची एक पायरी यांना सारखा वेळ लागत नाही, त्यामुळे हा आकडा ढोबळच धरावा. नेमकं हवं तर चालवून मोजावं.)

काही जण ‘क्विक सॉर्ट सर्वांत जलद’ म्हणून तीच उचलतात आणि पहिली नोंद पिव्होट धरतात. क्रमाने लागलेल्या यादीत पहिली नोंद नेहमीच टोकाची, त्यामुळे यादीचे दोन भाग पडतच नाहीत, दर खेपेला एकच नोंद गळते. तुलना होतात जवळपास पाच कोटी. पायथनमध्ये तर तिथवर पोचायच्या आतच पडद्यावर `RecursionError` उमटतो, कारण फंक्शनने स्वतःला हाक मारण्याची मर्यादा तिथे मुळात १,००० असते. रँडम आकड्यांवर चाचणी घेतलेल्यांना हे कधी दिसत नाही, आणि जर्नलमध्ये बहुतेकांनी रँडम आकडेच घेतलेले असतात.

स्वतःचा दावा पडताळायला यादी दुप्पट करून वेळ मोजावा. वेळ चौपट झाला तर वाढ n² ची. दुपटीहून थोडाच जास्त लागला तर n log n ची. मात्र चाचणीची यादी खऱ्या यादीसारखीच बिघडलेली हवी.

व्हायवात आणखी एक मुद्दा हमखास येतो: ‘सर, मर्ज सॉर्ट स्टेबल आहे, त्यामुळे समान गुणांचा क्रम बिघडत नाही.’ म्हणजे समान गुणांच्या नोंदी आधी ज्या क्रमाने होत्या, त्याच क्रमाने राहतात. नियम असा आहे की गुण समान असतील तर आसन क्रमांक लहान असलेला वर. पण शेवटी चिकटवलेली नोंद समान गुणवाल्यांच्या मागेच होती, म्हणून स्टेबल पद्धत तिला इमानेइतबारे मागेच ठेवते, मग तिचा आसन क्रमांक सगळ्यांत लहान का असेना. तिथे तुलनाच गुण आणि आसन क्रमांक या दोन्हींवर करावी लागते, पद्धत कोणतीही घ्या.