पाठवलेला मेसेज, भलताच अर्थ

महिन्याची 19 तारीख, रात्रीचे पावणेअकरा. लेखा विभागातला एक वरिष्ठ कर्मचारी घरी लॅपटॉप उघडून बसला आहे. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-3बी भरायची शेवटची तारीख आणि इनपुट क्रेडिटचा आकडा काही केल्या जुळत नाही. ज्या सहकारी बाई हे काम नेहमी बघतात त्या दोन दिवस रजेवर आहेत. तो व्हॉट्सॲपवर लिहितो, ‘आज तुझी फार आठवण येतेय. कधी येतेस?’ आणि शेवटी इमोजी टाकतो. हसरा चेहरा टाकायचा असतो, पण नुकत्याच वापरलेल्या इमोजींच्या रांगेत शेजारीच ओठांतून बदाम उडवणारा चेहरा असतो. थोड्या वेळापूर्वी त्याने तो आपल्या मुलीला पाठवलेला असतो. बोट त्यावर पडतं आणि मेसेज जातो.

हा प्रसंग कल्पनेतला असला, तरी असे मेसेज रोज जातात. इथे चुका तीन आहेत. इमोजी चुकला, वेळ चुकली आणि वाक्यातून काम गळून पडलं. त्याच्या डोक्यात रिटर्न होतं म्हणून त्याला वाक्य पूर्ण वाटलं. पण वाचणारीच्या समोर रिटर्न नाही. तिच्या समोर आहे रात्रीची वेळ, ‘आठवण’ आणि बदाम. तिने लावलेला अर्थ चुकीचा नाही. लिहिलंय त्याचा तोच अर्थ होतो. दुरुस्तीची सुरुवात हे मान्य करण्यापासून होते.

बहुतेकांचा पहिला हात मेसेज पुसण्याकडे जातो. व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून साधारण दोन दिवस मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. मात्र पुसल्याची खूण तिथे राहते. मजकूर तिने नोटिफिकेशनमध्ये आधीच वाचलेला असू शकतो. अँड्रॉइड 11 पासून फोनमध्ये नोटिफिकेशनचा इतिहास जपून ठेवायची सोयही आहे. वाचलेला मेसेज पुसला की समोरच्याला वाटतं, हा मनातलं बोलून गेला आणि घाबरून मागे फिरला. घाईत ‘फक्त माझ्यासाठी’ हा पर्याय दाबला गेला, तर आणखी पंचाईत. मेसेज आपल्याकडून जातो, तिच्याकडे तसाच राहतो. लगेच खाली दिसणारं ‘अन्डू’ काही सेकंदांत दाबलं तरच तो परत येतो.

पहिल्या 15 मिनिटांत मेसेज बदलताही येतो. पण बदलल्याची नवी सूचना समोर जात नाही, फक्त बदल केल्याची खूण दिसते. म्हणजे जिने आधीचा मजकूर वाचला, तिच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचेलच असं नाही. निळ्या खुणा दिसल्या नाहीत म्हणून वाचलं नाही असंही धरू नये, कारण त्या बंद ठेवता येतात. म्हणून पुसा, बदला किंवा तसाच ठेवा, खुलाशाचा दुसरा मेसेज लागतोच. तो लगेच गेला पाहिजे. सकाळपर्यंत थांबलात, तर ती रात्र तिला पहिल्याच मेसेजसोबत काढावी लागते.

घाबरलेला माणूस हा दुसरा मेसेज साधारण असा लिहितो: ‘अगं सॉरी सॉरी, चुकून गेलं. गैरसमज करून घेऊ नकोस हं, तू मला बहिणीसारखी आहेस. कुणाला दाखवू नकोस. रागावली नाहीस ना?’

यात नेमकं काय चुकून गेलं ते कळतच नाही. ‘गैरसमज करून घेऊ नकोस’ म्हणताना चूक लिहिणाऱ्याकडून उचलून वाचणारीच्या माथी मारली जाते. ‘बहिणीसारखी’ म्हटलं की आपण काम सोडून पुन्हा नात्याच्याच गोष्टी बोलतो, आणि तेही तिने न मागितलेल्या नात्याच्या. ‘कुणाला दाखवू नकोस’ हे सगळ्यांत घातक, कारण लपवायचं तेव्हाच, जेव्हा लपवण्यासारखं काही असतं. आणि शेवटचा प्रश्न तिला रात्री अकरा वाजता त्याची समजूत घालायला लावतो.

त्याऐवजी हा मेसेज पाहा: ‘आत्ताच्या मेसेजमध्ये चुकीचा इमोजी गेला आणि मी वाक्यही नीट लिहिलं नाही. चूक माझी, सॉरी. मला विचारायचं होतं की उद्या 3बीची शेवटची तारीख आहे, इनपुट क्रेडिटचा आकडा जुळत नाहीये, तर तू उद्या येणार आहेस का? उत्तर सकाळी दिलंस तरी चालेल.’

यात चूक नाव घेऊन सांगितली आहे, ती स्वतःकडे घेतली आहे आणि मूळ काम पुढे ठेवलं आहे. तिच्याकडून माफी मागितलेली नाही, हमीही नाही. कामाचं उत्तरसुद्धा सकाळवर सोडलं आहे. एरवी ‘तू’ म्हणत असाल तर ‘तू’च ठेवा, एकदम ‘तुम्ही’ किंवा ‘ताई’वर गेलात, तर अवघडलेपण उगाच वाढतं. एवढं लिहून थांबायचं. उत्तर आलं नाही म्हणून तिसरा मेसेज करायचा नाही, फोन तर नाहीच.

काही वेळा बोट घसरलेलं नसतं, सूर घसरलेला असतो. सोसायटीच्या कार्यक्रमानंतर ओळखीच्या बाईंना कुणी लिहितो, ‘आज फार गोड दिसत होतात.’ इथे ऑटोकरेक्टवर खापर फोडू नये; ते खोटं लगेच कळतं. ‘मी लिहिलं ते वावगं वाटेल असं होतं, सॉरी. तुमचं निवेदन छान झालं एवढंच सांगायचं होतं,’ हे पुरे. आणि निवेदनाबद्दल सांगायचंच नसेल, तर तेही जोडू नका. पहिलं वाक्य एकटं चालतं.

लिहिणारा पदाने मोठा असेल तर जबाबदारी वाढते, कारण समोरच्याला ‘आवडलं नाही’ म्हणणं अवघड जातं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा 2013 चा कायदा वर्तन नकोसं होतं का, हे पाहतो. ‘माझ्या मनात तसं नव्हतं’ एवढ्यावर विषय संपत नाही. तत्काळ आणि स्पष्ट खुलासा झालेली एखादी चूक वेगळी, आणि तसेच मेसेज पुन्हा पुन्हा जाणं वेगळं. दुसऱ्यांदा ‘चुकून’ चालत नाही. तिने नाराजी सांगितली तर ‘बरोबर आहे, पुन्हा होणार नाही’ म्हणावं, वाद घालू नये. प्रकरण अंतर्गत समितीकडे गेलं तर मेसेज पुसू नयेत, तिला गाठून बोलू नये. जे सांगायचं ते समितीला सांगावं.

एरवी दुसऱ्या दिवसापासून वागणं पूर्वीसारखं ठेवायचं. अनेकजण लाजेपोटी टाळाटाळ सुरू करतात. बैठकीला बोलवत नाहीत, कामाचे निरोप तिसऱ्याकडून धाडतात. चूक त्यांची आणि काम हातचं जातं तिचं. म्हणून 20 तारखेला ती कामावर आली, तर आकडा घेऊन तिच्याकडेच जावं आणि सगळ्यांसमोर, नेहमीच्या सुरात विचारावं, ‘हे क्रेडिट कुठे अडकलंय, बघतेस का?’